माफीच्या पत्रातली तारीख कुठून येते?

वाचकाचे पत्र

“भोसरीत माझे छोटे मशीन शॉप आहे, आम्ही अकरा जण आहोत. एका जुन्या ग्राहक कंपनीला 1,000 पिना सोमवारी, 9 तारखेला द्यायच्या होत्या. 400 तयार आहेत, पण बाहेरून हार्डनिंग करून आलेल्या 600 पिनांची हार्डनेस कमी निघाली. त्यांच्या पर्चेसच्या मॅडमचे तीन फोन आले आणि प्रत्येक वेळी मी ‘दोन दिवसांत पाठवतो’ म्हणालो. आज, मंगळवारी, त्यांनी लेखी खुलासा आणि नवी तारीख मागितली आहे. चूक हार्डनिंगवाल्याची आहे हे पत्रात लिहावे का? लेखी माफी मागितली तर दंड कापतील का? अर्धा माल पाठवणे बरे दिसत नाही, म्हणून सगळा एकदमच पाठवावा असे वाटते. पत्र कसे लिहू?”
— एक लघुउद्योजक

उत्तर

नमस्कार. तुमचे पत्र हाती आले त्याच रात्री आपण फोनवर बोललो. तेव्हा तुम्ही दिलेले आकडे घेऊनच हे सविस्तर उत्तर लिहीत आहे, कारण अशा अडचणीत सापडलेल्या इतरांनाही त्या आकड्यांची मांडणी उपयोगी पडावी. मी स्वतः नोकरीची बरीच वर्षे खरेदी विभागात, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला, काढली आहेत. पुरवठादारांची माफीची पत्रे ढिगाने वाचली आहेत आणि त्यातली बहुतेक वाचून झाल्यावरही मला जे हवे होते ते मिळालेले नसे.

पत्राआधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू, कारण सगळे प्रकरण तिथेच अडले आहे. तयार असलेल्या 400 पिना तुम्ही बरे दिसत नाही म्हणून थांबवून ठेवल्या आहेत. त्या कंपनीची असेंब्ली लाइन रोज किती पिना वापरते, हे तुम्ही मॅडमना कधी विचारलेच नव्हते. मी आग्रह केल्यावर तुम्ही विचारले आणि उत्तर आले की रोज 50 लागतात, रविवारी काम बंद असते आणि त्यांच्याकडचा साठा बुधवारी संध्याकाळी संपतो. आता हिशेब पाहा. 400 पिना बुधवारी, 11 तारखेला, संध्याकाळपर्यंत त्यांच्या गेटमध्ये गेल्या तर त्या गुरुवार 12 पासून शुक्रवार 20 पर्यंत, रविवार वगळून, आठ दिवस पुरतात. त्या तुमच्या रॅकवर राहिल्या तर गुरुवारी सकाळी लाइन थांबते आणि थांबलेल्या लाइनचा खर्च तुमच्या नावे टाकण्याची पाळी त्यांच्यावर येते. ज्या गोष्टीची तुम्हाला लाज वाटत होती, तिनेच तुम्हाला आठ दिवस मिळवून दिले. ऑर्डरवरची तारीख चुकली हे खरे आहे आणि त्याची माफी मागायचीच आहे, पण ग्राहकाची खरी निकड लाइन चालू राहण्याची असते. म्हणून पत्र लिहायला बसण्यापूर्वी रोजचा वापर, हातातला साठा आणि लाइन थांबण्याचा दिवस हे तीन आकडे ग्राहकाकडून घ्यावेत. ते नसतील तर नवी तारीख कशाच्या आधारावर द्यायची हेच कळत नाही.

आता हार्डनिंगवाल्याकडे येऊ. फोनवर तुम्ही सांगितले की रेखाचित्रात पृष्ठभागाची हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, रॉकवेल मापावर 58 ते 62 एचआरसी मागितली आहे आणि या 600 पिना 52 ते 54 भरल्या. भट्टीतून बाहेर काढल्यावर तेलात बुडवायला उशीर झाला, तेल तापलेले होते किंवा ट्रे खच्चून भरला होता, तर असे होते, आणि ती चूक त्यांचीच मानावी लागेल. परंतु तो लॉट तुमच्याकडे परत आल्यावर चार दिवस तसाच पडून होता आणि ग्राइंडिंगला घेताना कारागिराने सहज एक पिन तपासली म्हणून हे उघड झाले, हेही तुम्हीच सांगितले. आला त्याच दिवशी प्रत्येक ट्रेमधल्या पाच पिना तपासल्या असत्या तर दोष देय तारखेच्या आधी सापडला असता आणि ग्राहकाला वेळेत सांगता आले असते. हे चार दिवस तुमचे आहेत. ऑर्डर तुमच्या नावावर आहे, हार्डनिंग कोणाकडून करून घ्यायचे हे तुम्ही ठरवले, त्यामुळे त्या विक्रेत्याकडे बोट दाखवणारे पत्र वाचताना खरेदी अधिकाऱ्याच्या मनात एवढेच येते की या माणसाचा स्वतःच्या कामावर ताबा नाही. कारण सांगा, पण ते घटना म्हणून सांगा: बाहेरून करून घेतलेल्या हार्डनिंगमध्ये हार्डनेस कमी आली आणि ती आमच्याकडे वेळेत तपासली गेली नाही. विक्रेत्याचे नाव, त्याच्याशी झालेली वादावादी, त्याच्या बिलातून काय कापणार आहात, हे पत्रात नको.

दुसरी माफी फोनवरच्या ‘दोन दिवसां’ची आहे आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. मॅडमनी ते शब्द विश्वासाने त्यांच्या सकाळच्या उत्पादन बैठकीत सांगितले असतील, तेही तीन वेळा. मी त्या खुर्चीत बसलो आहे. माल उशिरा आला म्हणून आपण बोलणी खातो ती विसरली जातात, पण ज्याच्या शब्दावर आपण शब्द दिला आणि तोंडघशी पडलो, तो पुरवठादार लक्षात राहतो. म्हणून पत्रात ‘फोनवर दिलेल्या तारखा पुरेशी खातरजमा न करता दिल्या, ही माझी चूक’ असे एक वाक्य हवेच. त्याशिवाय पत्रातल्या नव्या तारखेवर तरी त्यांनी का विश्वास ठेवावा?

ही नवी तारीख हिशेबातून यावी, आणि हिशेब तुमच्या शॉपमधल्या सर्वांत हळू टप्प्यावरून करावा. तुमच्याकडे तो टप्पा ग्राइंडिंगचा आहे. एका पिनेला सहा मिनिटे लागतात. आठ तासांच्या पाळीतून जेवण, चहा आणि व्हील ड्रेसिंगचा वेळ वजा केला की सात तास हाती राहतात, म्हणजे एका पाळीत 70 आणि दोन पाळ्यांत 140 पिना. तुम्ही फोनवर ‘600 ला चार दिवस’ म्हणालात तेव्हा दोन गोष्टी सुटल्या होत्या. तुमच्या शॉपची गुरुवारची सुट्टी तुम्ही धरली नव्हती, आणि पुन्हा हार्डनिंग केल्यावर काही पिना वाकतात, त्यातल्या काहींमध्ये ग्राइंडिंगला पुरेसा माल उरत नाही, हेही धरले नव्हते. तुमच्या अनुभवाने असे नुकसान शंभरात पाचपर्यंत जाते, म्हणून 30 पिना बाद धरून चालू. त्या बदल्यात 40 नव्या पिना आजच टर्निंगला लावाव्यात, म्हणजे शेवटी थोड्या नगांसाठी पुन्हा माफी मागायची वेळ येणार नाही. या नव्या पिनांना कार्बुरायझिंग, म्हणजे भट्टीत पृष्ठभागात कार्बन मुरवणे, इथपासूनची पूर्ण फेरी लागेल, त्यामुळे त्या शेवटच्या खेपेतच जातील.

आणखी एक पायरी घाईत गाळली जाते आणि मग सगळा आराखडा कोसळतो. 600 पिना थेट भट्टीत टाकू नका. आधी एक पिन कापून प्रयोगशाळेतून केसची, म्हणजे वरच्या कठीण थराची, खोली मोजून घ्या. ती रेखाचित्राप्रमाणे असेल तर दोष बहुधा बुडवण्यात आहे आणि पुन्हा हार्डनिंगने काम होण्याची शक्यता आहे. ती कमी असेल तर नुसत्या हार्डनिंगने पृष्ठभागावर आकडा कदाचित येईल, पण पिन बुशमध्ये चालून लवकर झिजेल. खोली बरोबर असेल तर गुरुवारी फक्त दहा पिनांची चाचणी घ्या, त्यांची हार्डनेस आणि वाकणे तपासा आणि मगच उरलेला लॉट शुक्रवारी भट्टीत जाऊ द्या. शिवाय, पुन्हा हार्डनिंग हे दुरुस्तीकाम आहे. वाहन उद्योगातल्या बहुतेक ग्राहकांच्या गुणवत्ता अटींमध्ये असे काम त्यांच्या संमतीशिवाय करता येत नाही. म्हणून तुमचे पत्र माफीबरोबरच त्यांच्या गुणवत्ता विभागाची परवानगी मागणारेही असले पाहिजे. ही गोष्ट लपवून माल पाठवला आणि नंतर ती उघडकीला आली, तर उशिरापेक्षा कितीतरी मोठे प्रकरण होईल.

हे सारे धरून आराखडा असा बसतो. रविवार 15 पासून दोन पाळ्यांत ग्राइंडिंग सुरू केले की सोमवारी रात्रीपर्यंत 280 पिना होतात. त्या तपासून मंगळवारी 17 तारखेला 250 पाठवता येतात, म्हणजे पहिल्या खेपेचा साठा संपण्याच्या तीन दिवस आधी. बुधवारी रात्री आकडा 560 वर पोहोचतो, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी उरलेल्या दहा आणि तपासणी, आणि शनिवारी 21 तारखेला 320 ची तिसरी खेप. नव्याने केलेल्या 30 पिना तोपर्यंत तयार होतील, पण त्यांना सोमवार 23 ची तारीख द्या. शनिवारी देता येईल असे वाटत असले तरी मधला दिवस मशीन बिघडण्यासाठी राखून ठेवा. लवकर दिलेला माल कोणी परत पाठवत नाही.

दंडाबद्दलची तुमची भीती मला समजते, पण ती आकड्यात मोजून पाहा. तुमच्या ऑर्डरवर उशिराबद्दल दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के अशी अट आहे. ऑर्डर 3,40,000 रुपयांची आहे. पूर्ण रकमेवर आणि पूर्ण दोन आठवडे धरले तरी 3,400 रुपये होतात. उशीर झाला हे त्यांच्या गेटवरच्या नोंदीनेच सिद्ध होते, त्यासाठी त्यांना तुमच्या माफीची गरज नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात रक्कम ठरलेली असेल तर त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. कलम 55 मध्ये असेही आहे की वेळ महत्त्वाची असलेल्या करारात ग्राहकाने उशिराचा माल स्वीकारला, तर उशिराबद्दल भरपाई मागण्यासाठी त्याने स्वीकारतानाच तशी सूचना द्यायला हवी. तेव्हा चूक कबूल करायला घाबरू नका. सावध राहायचे आहे ते एका वाक्यापासून: ‘आमच्यामुळे होणारे सर्व नुकसान आम्ही भरून देऊ.’ ओशाळलेपणात हे वाक्य पुष्कळ जण लिहून जातात आणि ठरलेल्या पाच टक्क्यांची मर्यादा स्वतःच्या हाताने उघडी करतात. त्याऐवजी ‘ऑर्डरमधील अटी लागू राहतील याची आम्हाला जाणीव आहे’ एवढे पुरे. दंड माफ करण्याची विनंती मात्र या पत्रात करू नका. ती शेवटची खेप पोहोचल्यावर केली तर तिला काही वजन असेल. ऑर्डर मोठ्या रकमेची असती तर पत्र पाठवण्यापूर्वी वकिलाला दाखवा, असेच मी सांगितले असते.

तुमच्या बाबतीत पत्र असे होईल. कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत पाठवा, क्रम मात्र हाच ठेवा.

*विषय: 1,000 पिनांच्या ऑर्डरचा उशीर, सुधारित वेळापत्रक आणि दुरुस्तीकामास परवानगी*

*महोदया,*

*आपली 1,000 पिनांची ऑर्डर 9 तारखेला पूर्ण करणे आमच्यावर बंधनकारक होते आणि ते आम्ही करू शकलो नाही, याबद्दल मी आपली क्षमा मागतो. त्यानंतर फोनवर मी आपल्याला दिलेल्या तारखा पुरेशी खातरजमा न करता दिल्या होत्या. त्यामुळे आपल्याला आपल्या सहकाऱ्यांसमोर अडचण सोसावी लागली, याचाही मला खेद आहे.*

*600 पिनांच्या लॉटची हार्डनेस 58 ते 62 एचआरसीऐवजी 52 ते 54 आली. हार्डनिंग बाहेरून करून घेतले होते, परंतु लॉट परत आल्यावर आम्ही तो चार दिवस तपासला नाही, ही आमची चूक आहे.*

*400 पिना तपासणी अहवालासह आज, 11 तारखेला, संध्याकाळी आपल्याकडे पोहोचतील. आपला रोजचा वापर 50 धरता त्या 20 तारखेपर्यंत पुरतील. त्यानंतर 17 तारखेला 250, 21 तारखेला 320 आणि 23 तारखेला 30 पिना पोहोचतील.*

*या तारखा 600 पिनांचे पुन्हा हार्डनिंग करण्यास आपली परवानगी मिळेल असे गृहीत धरून दिल्या आहेत. केसची खोली मोजल्याचा अहवाल आणि दहा पिनांच्या चाचणीचा निकाल गुरुवारी संध्याकाळी पाठवतो. तो पाहून आपल्या गुणवत्ता विभागाने निर्णय कळवावा, ही विनंती. दुरुस्त केलेला माल वेगळ्या खुणेच्या पेट्यांत येईल.*

*चाचणी समाधानकारक नसल्यास आम्ही 600 पिना नव्याने करू. त्या स्थितीत पहिल्या 140 पिना 20 तारखेला आणि शेवटच्या 25 तारखेला पोहोचतील.*

*यापुढे हार्डनिंगहून आलेल्या प्रत्येक ट्रेमधील पाच पिना त्याच दिवशी तपासल्या जातील आणि त्याची नोंद प्रत्येक खेपेबरोबर आपल्याला मिळेल. ऑर्डरमधील अटी लागू राहतील याची आम्हाला जाणीव आहे. 23 तारखेपर्यंत रोज संध्याकाळी पाच वाजता मी स्वतः प्रगती कळवीन.*

*आपला नम्र,*

या पत्रात क्षमा पहिल्याच परिच्छेदात संपते आणि उरलेला मजकूर मॅडमना बैठकीत वाचून दाखवता येईल असा आहे. मुद्दामच तसा ठेवला आहे, कारण तुमचे पत्र त्यांच्या एकट्यांसाठी नसते. त्यांच्या मागे उत्पादन विभाग, गुणवत्ता विभाग आणि वरिष्ठ उभे असतात आणि प्रत्येक जण त्यात आपापली ओळ शोधतो. ‘अपरिहार्य कारणांमुळे’, ‘लवकरात लवकर’, ‘सर्वतोपरी प्रयत्न’ हे शब्द मी टाळले आहेत, कारण त्यांतून कोणालाच काही ठरवता येत नाही.

चाचणी फसली तर काय, हा परिच्छेद पाहून तुम्ही कदाचित बिचकाल. आपणच अपयशाची शक्यता कशाला लिहायची, असे वाटणे साहजिक आहे. पण त्या तारखाही हिशेबातून आलेल्या आहेत. टर्निंगला पिनेमागे चार मिनिटे धरली तर दोन पाळ्यांत 210 होतात. शुक्रवारी सुरुवात केली तर पहिल्या 210 शनिवारी हार्डनिंगला जातील, मंगळवारी परत येतील आणि बुधवारी त्यातल्या 140 ग्राइंड होतील. गुरुवारची सुट्टी आणि तपासणी धरून त्या 20 तारखेला पोहोचतील. लाइनला त्यानंतरची पिन शनिवारी 21 तारखेला सकाळी लागणार आहे, म्हणजे ही वाट अगदी काठावरून जाते, पण जाते. नव्या पिनांसाठी सगळ्या 600 होईपर्यंत थांबला असता तर ती गेली नसती. लॉट तुकड्यांत फिरवल्यानेच हे जमते. फक्त त्यासाठी 600 पिनांना पुरेल एवढा कच्चा बार तुमच्याकडे आहे का आणि शनिवारी भट्टीत जागा मिळेल का, हे पत्र पाठवण्याआधी विचारून घ्या. बार नसेल तर हा परिच्छेद तसाच ठेवू नका, तारीख पुन्हा काढा.

पत्र पाठवण्याआधी मॅडमना फोन करा आणि 400 पिना निघाल्याचे चलन पाहूनच करा. गाडी निघाली, चलन क्रमांक असा आणि पत्र अर्ध्या तासात येत आहे, एवढेच बोला. कारणमीमांसा फोनवर नको, ती पत्रात आहे. नंतरच्या रोजच्या निरोपात किती पिना ग्राइंड झाल्या, किती बाद झाल्या आणि पुढची खेप तारखेवर आहे का, या तीन गोष्टी असाव्यात. ज्या दिवशी काही घडले नाही त्या दिवशीही निरोप जायला हवा, कारण तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ त्या तीन फोनांनंतर मॅडम एकाच रीतीने लावतील.

बाद पिनांच्या आकड्यावर मात्र बारीक नजर ठेवा. रविवारी पहिल्या 140 मध्ये सातपेक्षा जास्त गेल्या तर आपला शंभरात पाचचा अंदाज चुकला आहे आणि हाताशी असलेल्या 40 नव्या पिना पुरतीलच असे नाही. ते रविवारीच लक्षात आले तर सोमवारी सकाळी आणखी पिना टर्निंगला लावता येतील आणि 23 तारखेच्या खेपेतले किती नग पुढे जातील, हे मॅडमना त्याच संध्याकाळच्या निरोपात सांगता येईल.